आखाजीच्या आदल्या दिवशीची दुपार आणि न वाचणारा बारकोड

मी अमळनेरच्या एका सुपरमार्केटच्या बिलिंगचं काम बघतो, म्हणजे कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर जे काही अडेल ते. आमच्या दुकानाचं स्वतःचं ॲप आहे, त्यात गिऱ्हाईक आधी पैसे भरून ठेवतं आणि बिल झालं की मोबाईलवर बारकोड काढून दाखवतं, कॅशियर तो स्कॅन करतो की पैसे कटले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी काउंटरवरच्या पोरीचा फोन आला, दादा लवकर या, ॲपचे बारकोड वाचतच नाहीत, लाईन पार दारापर्यंत गेलीय.

असं झालं की मी आधी नोटपॅड उघडतो. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने कीबोर्डच, बारकोडमधला नंबर टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो, बास. त्यामुळे नोटपॅडमधे नंबर उमटला तर स्कॅनर ठीक आहे आणि भानगड पुढे आहे, नाही उमटला तर स्कॅनरची गन आणि मोबाईलच्या मधेच काहीतरी अडतंय. एक नंबर काउंटरवर बिस्किटचा पुडा धरला, लगेच नंबर आला. मोबाईल धरला तर काहीच नाही. चार नंबरवर तोच मोबाईल धरला, पहिल्या झटक्यात बीप.

कारण एक नंबरवर जुनी लेझर गन होती, लाल रेघ मारणारी. तिला स्वतःचाच लाल उजेड परत यायला लागतो. कागदावरून तो चहूकडे पसरतो म्हणून थोडा तरी गनकडे येतो, पण मोबाईलची काच आरशासारखी, उजेड भलतीकडेच जातो. स्क्रीनचा स्वतःचा उजेड कितीही असू द्या, लेझरला त्याचा उपयोग नाही. चार नंबरची गन कॅमेऱ्यावाली, जिला इमेजर म्हणतात, ती सरळ फोटो काढते आणि फोटोतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वाचते, म्हणून तिला स्क्रीन चालते. एरवी ॲपवाले थोडेच असतात, त्यांना पोरी गुपचूप चार नंबरला पाठवायच्या, त्या दिवशी काउंटरवर वेगळ्या पोरी बसवल्या होत्या, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी ॲपवाल्यांची लाईन चार नंबरला वळवली.

तरी काही मोबाईल चार नंबरलाही वाचेनात, आणि हे सगळे बाहेरून नुकतेच आलेले. एक बाबा शेतातून मोटरसायकलवर आले होते, मोबाईल हँडलच्या स्टँडला लावलेला, बाहेर ऊन असं की सीटला हात लावता येईना. ब्राइटनेस फुल्ल केलेला, पट्टी शेवटपर्यंत, तरी स्क्रीन अंधुकच. मोबाईल फार तापला की तो स्वतःला वाचवायला उजेड आपोआप कमी करतो, तिथे पट्टी सरकवून काही होत नाही. मग गनचा पांढरा एलईडी काचेवर चमकतो आणि फोटोत पट्ट्यांवर नुसता पांढरा डाग येतो. एक पोरगा म्हणाला आइस्क्रीमच्या फ्रीजवर ठेवू का, मी जोरातच नको म्हटलं, तापलेला मोबाईल एकदम गार केला तर आत पाणी धरतं. कव्हर काढून पंख्याखाली ठेवला, बाबांना खुर्ची आणि पाणी दिलं, थोड्या वेळाने स्क्रीन परत उजळली. मग काच पुसली, मोबाईल गनपासून वीतभर लांब आणि जरासा तिरका धरला म्हणजे एलईडीची चमक बाजूला जाते, आणि वाचला.

पण एक केस वेगळीच होती. आखाजीला माहेरी आलेली एक ताई, ॲप तिच्या नवऱ्याच्या मोबाईलमधे आणि नवरा सुरतला. त्याने बारकोडचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवला. गनने बीप दिला, नंबर गेला, आणि बिलिंगवर आलं कोड एक्स्पायर. ताईंना वाटलं पैसे कटले आणि आम्ही नाही म्हणतोय, त्या रडकुंडीला आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन नीट सांगितलं, ताई, बीप म्हणजे फक्त नंबर वाचला, पैशाचं त्यात काही नाही. त्या बारकोडमधे ना तुमचं नाव ना रक्कम, फक्त एक तात्पुरता नंबर असतो, आमच्या ॲपमधे तो मिनिटाला बदलतो. बिलिंगवरून तो नंबर आणि बिलाची रक्कम सर्व्हरला जाते, सर्व्हर बघतो नंबर कोणाचा, अजून चालू आहे का, खात्यात तेवढे पैसे आहेत का, आणि मगच कट करतो. फोटो पाठवेपर्यंत मिनिट उलटून गेलेलं. आणि हे बरंच आहे, नाहीतर कोणीही मागे उभं राहून फोटो काढून तुमच्या खात्यावर किराणा भरेल. नवऱ्याला फोन लावून बॅलन्स बघायला लावला, सगळा जागेवर होता, मग त्यांनी रोख दिले.

संध्याकाळी मालकांना सांगून एक नंबरची लेझर गन मागच्या गोडाऊनला दिली, तिथे खोक्यांवरचे कागदी बारकोडच वाचायचे असतात, आणि काउंटरसाठी आणखी एक इमेजर मागवला.