कलिंगडाचा समुद्र

रविवारी दुपारी भाचा अंघोळ करून बाहेर आला आणि निळ्या बाटलीतून अंगावर फसफस फवारा मारून घेतला. "आत्या, बघ, समुद्राचा वास!" मी वास घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "अरे, हे तर कलिंगड!" त्याला राग आला. बाटलीवर लाटा होत्या, खाली 'ॲक्वाटिक' असं छापलेलं होतं. कलिंगडाचा कुठे पत्ताच नव्हता.

माझंही थोडं चुकतंच. हर्णैच्या बंदराजवळ ज्याचं बालपण गेलंय, त्याने समुद्राच्या वासावर मत देऊ नये. आमच्याकडे समुद्राचा वास म्हणजे उन्हात पसरलेली सुकट, ओली जाळी, होडीच्या बुडाचं तेल आणि ओहोटीला उघडा पडलेला चिखल. आजी म्हणायची, "वास येतोय म्हणजे वारा बंदराकडून वाहतोय." नाक धरणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांकडे ती जरा कीव आल्यासारखं बघायची.

तरीही तो कलिंगडाचा वास डोक्यातून जाईना. मग नेहमीसारखा तपास सुरू झाला. त्या निळ्या बाटल्यांच्या मुळाशी 'कॅलोन' नावाचा पदार्थ आहे. १९६६ साली फायझर या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा हाती लागला. कंपनीचं काम औषधांचं, पण फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावातली 'कॅमिली, अल्बेर ए लालू' ही सुगंधी द्रव्यांची पेढी तिच्याच मालकीची होती. त्या तीन आडनावांची पहिली अक्षरं कॅलोनच्या नावात बसली आहेत. पांढरी पूड, दिसायला पिठीसाखरेसारखी. वास घ्याल तर आधी कलिंगडाची साल, पाठोपाठ ओल्या कालवांचा खारटपणा. तपकिरी समुद्री शेवाळं एकमेकांना बोलावण्यासाठी जे पदार्थ पाण्यात सोडतात, त्यांच्याशी कॅलोनचं रासायनिक साम्य आहे म्हणतात. म्हणजे समुद्राशी नातं आहे खरं, पण लांबचं. लग्नात ज्यांची ओळख करून द्यावी लागते, तसलं.

बरीच वर्षं हा पदार्थ चिमूटभरच वापरला जायचा. १९८८ साली अमेरिकेत 'न्यू वेस्ट' नावाचं पुरुषांचं अत्तर आलं, त्यात कॅलोनचं प्रमाण एका टक्क्याच्या वर नेलं होतं. एक टक्का ऐकायला काहीच नाही, पण कॅलोनच्या बाबतीत ते मिठाच्या खड्यासारखं असतं. पुढे १९९२ मध्ये 'लो दिसे', १९९६ मध्ये 'अक्वा दी जिओ', आणि मग सगळं जगच निळ्या बाटलीत शिरलं. गंमत म्हणजे खऱ्या समुद्राच्या वासातला मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइडचा असतो. समुद्रातल्या अतिसूक्ष्म वनस्पतींपासून तो बनतो आणि वाऱ्यावर येतो. मक्याची कणसं उकडताना कुकरची वाफ सुटते, त्या वासातही तोच असतो. तो बाटलीत भरून विकायला कोण तयार होईल? लोकांना समुद्र हवा असतो, पण धुऊन, पुसून, मासळी बाजूला काढून. म्हणून अत्तरवाले समुद्राची नक्कल करतच नाहीत, समुद्राशेजारी उभं राहिल्याचा भास देतात. गार, ओलं आणि किंचित धातूसारखं. कलिंगड तेवढं करू शकतं.

मी हट्टाने दोन छोट्या कुप्या मागवल्या. एक दहा टक्के विरळ केलेल्या कॅलोनची, दुसरी 'लीफ अल्कोहोल'ची. दुसरीची मला जास्त उत्सुकता होती, कारण तिला ताज्या कापलेल्या गवताचा वास येतो म्हणे. कागदाच्या पट्टीवर लीफ अल्कोहोलचा एक थेंब टाकला आणि चक्क मागे सरकले. इतकं तिखट हिरवं! कोथिंबिरीच्या जुडीचे देठ नाकात खुपसल्यासारखं. मग स्पिरिटमध्ये शंभरात एक भाग असं विरळ केलं, आणि तिथे आजोबा उभे राहिले. भाद्रपदातला बांध, हातात विळा, कडेला गवताचे भारे, आणि पायाला चिकटणारा तो ओला हिरवा वास.

त्या वासामागे एक जरा क्रूर गोष्ट आहे. अख्ख्या पानाला तो वास नसतोच. विळा लागला, पेशी फुटल्या, की पानातल्या तेलकट आम्लावर त्याच पानातली विकरं तुटून पडतात आणि काही सेकंदांत हेक्सेनाल नावाचा पदार्थ तयार होतो. कापलेल्या गवताचा पहिला झणका त्याचाच. पण तो फार चंचल, ठेवला की रूप बदलतो, म्हणून अत्तरवाले बहुधा त्याच्या पाठोपाठ बनणाऱ्या अल्कोहोलवर भागवतात. आणि तेही टिकत नाही. माझी पट्टी तासाभरात कोरडा कागद झाली होती. कॅलोनची पट्टी मात्र चौथ्या दिवशीही टेबलावर कलिंगड खात बसली होती. समुद्र हटत नाही आणि गवत थांबत नाही, ही त्या धंद्यातली खरी डोकेदुखी असावी.

गवत थांबवायला अत्तरवाल्यांनी एक आडवाट शोधली. गल्बनम नावाचा इराणी डिंक. मटारची शेंग हिरवी असताना मोडली तर जो वास येतो, त्याच्यात थोडी माती आणि थोडा राग मिसळा. १९४७ साली जर्मेन सेलिए या अत्तरकार बाईने 'व्हां व्हेर', म्हणजे 'हिरवा वारा', त्याच्याच जोरावर बनवलं. हे झाड आपल्या हिंगाच्याच गोत्रातलं, फेरुला या प्रजातीतलं. इतकी वर्षं फोडणीत हिंग टाकताना मला कधी हिरवं वाटलं नाही, पण हे वाचल्यापासून आमटी करताना उगाच जास्त वेळ वास घेते. नवरा विचारतो, "हिंग संपलाय का?"

अशाच काही बाटल्यांवर छापलेलं 'ओझोनिक' मात्र निव्वळ पांघरूण आहे. ओझोन बाटलीत मावत नाही, टिकत नाही, फुफ्फुसांना बरा नाही. 'वास येतो' याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १८४० साली त्याचं नाव ठेवलं गेलं. तो ज्यांना घ्यायचाय त्यांनी जुन्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दीच्या वेळी उभं राहावं. मशीन तापल्यावर येणारा तो सणसणीत वास तोच. कॉलेजच्या फॉर्मच्या तीन-तीन प्रती काढताना आम्ही तो फुकट घेतला, आणि आता त्याचीच आठवण करून देणारी द्रव्यं टाकून लोक हजारांत बाटल्या विकतात.

गेल्या महिन्यात हर्णैला गेले. बंदरावर लिलावाची गडबड, मावळतीचा वारा. लहानपणीसारखं डोळे मिटून खोल श्वास घेतला. सुकट होती, चिखल होता, डिझेल होतं. आणि त्या सगळ्यात मी, कुणाला सांगू नका, कलिंगड शोधत होते. ते नव्हतं. क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग अर्धा किलो सुकट घेतली, दोन पिशव्यांत गच्च बांधली. भाच्याने गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या.