आधी खाड्या, मग ठिकाणं : गुहागर ते दापोली

दादाची यादी आली तेव्हाच मला घाम फुटला होता. हेदवी, कड्यावरचा गणपती, गणपतीपुळे, गोपाळगड, केशवराज, वेळणेश्वर, जयगड, पन्हाळेकाजी, हर्णैचा लिलाव. रील्स बघून बघून जमवलेली, ज्या क्रमाने दिसली त्याच क्रमाने व्हॉट्सॲपवर टाकलेली. वर वहिनीचा मेसेज, "मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा हं, सारख्या बॅगा भरायला मला नाही जमणार." आता एकाच ठिकाणी राहून हे सगळं करायचं म्हणजे रोज सकाळी गाडीत बसायचं, रात्री गाडीतून उतरायचं आणि कोकण बघायचं ते खिडकीतून.

मी गूगलच्या नकाशावर सगळ्या पिना टाकल्या. टाकल्यावर काय दिसतं, तर गोपाळगड आणि दाभोळ अगदी चिकटून. जयगड आणि हेदवी पण तसंच, बोटभर अंतर. कोणालाही वाटेल की हे जवळजवळचे गठ्ठे झाले, एकेका दिवसात एकेक उरकू. पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे, तिकडे खाली शास्त्रीची खाडी आहे, आणि किनारपट्टीवर अंतर मोजायचं ते किलोमीटरमध्ये नाही तर किती खाड्या ओलांडायच्या त्यात. देशावरची सवय अशी की जवळ दिसतंय म्हणजे जवळ आहे. इथे अंजनवेलच्या माणसाला समोर दाभोळची घरं दिसतात, आणि फेरीबोट नसेल तर तिथे जायला गुहागर, चिपळूण, खेड, दापोली असा सगळा फेरा.

म्हणून मी आधी पिना बाजूला ठेवल्या आणि खाड्यांवर जाड रेघा मारल्या. वर बाणकोटची, मग वाशिष्ठीची म्हणजे दाभोळची, मग शास्त्रीची म्हणजे जयगडची. दोन रेघांच्या मध्ये जे येतं तो एक पट्टा. दाभोळ आणि जयगडच्या मधला गुहागरचा, बाणकोट आणि दाभोळच्या मधला दापोलीचा. कुठली पिन कुठल्या पट्ट्यात हे कळायला अजून एक सोपी युक्ती आहे, मॅपमध्ये रस्ता काढताना फेरी टाळा असा पर्याय असतो तो चालू करायचा. चाळीस मिनिटांचे एकदम साडेतीन-चार तास झाले की समजायचं, ते ठिकाण आजच्या दिवसातलं नाही. आणि फेरीसकट जो वेळ मॅप दाखवतो त्यात जेटीवरची रांग नसते, तो आकडा बघून कोणी खूश होऊ नये.

ह्या हिशोबाने गणपतीपुळे आणि जयगड कापले गेले, कारण दोन्ही शास्त्रीच्या पलीकडे. वहिनी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. पण तिथे जायचं म्हणजे तवसाळची फेरी, परत यायचं म्हणजे पुन्हा तवसाळची फेरी, आणि सुट्टीत गणपतीपुळ्याच्या देवळात किती गर्दी असते ते मी वेगळं सांगायला नको. आणि मुक्काम एक नाही तर दोन, हेही मी रेटून नेलं. पुण्याहून कुंभार्ली घाटाने उतरून चिपळूण, तिथून गुहागर, मग धोपावेच्या जेटीवरून दाभोळ, पुढे दापोली आणि खेडवरून वर. एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर. खाडी एकदाच ओलांडायची आणि ती पण बॅगा घेऊन. बॅगा एकदा भराव्या लागल्या, त्याबद्दल वहिनीचं मत अजूनही वाईटच आहे.

पहिला दिवस घाट आणि खड्डे, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

गुहागरच्या पट्ट्यातही दोन फांद्या पडतात. उत्तरेला अंजनवेल, गोपाळगड, टाळकेश्वर, धोपावे. दक्षिणेला पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. मी दक्षिणेचा दिवस असा लावला होता की आधी वेळणेश्वर लागतं तर ते आधी करू, मग हेदवी, आणि परत. हे मी रात्री जेवताना घरमालक काकांना सांगितलं. त्यांनी ताक वाटीत ओतता ओतता विचारलं, "उद्या बीज ना?" त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच झालेली, त्यामुळे हो म्हटलं. काका म्हणाले, "मग बिजेला दोन पाऊण, दीड. दीडला भरती पुरी. हेदवीची बामणघळ बघायचीय ना तुम्हाला? मग सकाळी जाऊन काय खडक बघणार?"

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. मग त्यांनी नीट समजावलं. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येतं ते पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुपारची जी वेळ तीच साधारण रात्रीची, आणि ओहोटी त्यापासून सहा तासांनी. कृष्ण पक्षात परत एकपासून मोजायचं. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण फिरणाऱ्या माणसाला तेवढं बास. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा घळ बघायला गेलात तर पाणी चढतं पण मजा नाही.

मग काय, जेवणाच्या टेबलावरच दिवस उलटा केला. सकाळी आरामात उठून, घावणे-चटणी खाऊन (काकूंनी चौथा घावन विचारलाच नाही, वाढला), सरळ हेदवीला. आधी टेकडीवरच्या देवळात दशभुजा गणपती, मग खाली उतरून किनाऱ्याला उमामहेश्वराच्या देवळाशेजारून खडकावरून घळीकडे. काळ्या खडकात एक चिंचोळी फट आहे, समोरून लाट येते, आत शिरते, तिला बाजूला जायला जागाच नसते म्हणून वर उसळते. सव्वा वाजता आम्ही पोचलो तेव्हा दर चार-पाच लाटांनी एक मोठी येत होती, आणि ती आत शिरताना आधी पायाखाली धप्प असा आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पांढरा खांब माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. आई देवळाच्या सावलीत बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "अजून एक बघू, मग निघू," असं चार-पाच वेळा तरी. खडक शेवाळलेला असतो, कडेला जाऊ नका. सेल्फीवाले जातात, त्यांना सांगून उपयोग नसतो, मी सांगून बघितलं.

जेवण हेदवीतच एका घरी, सकाळी फोन करून सांगितलेलं. हे पण प्लॅनमध्ये धरावं लागतं, इथे ऐनवेळी जाऊन ताट मागितलं तर मिळेलच असं नाही, त्यामुळे जिथे जेवण सांगितलंय त्याच फांदीवर दुपारी असायला हवं. आणि परतीच्या वाटेवर वेळणेश्वर संध्याकाळी, तोवर पाणी उतरलेलं, वाळू पार लांबपर्यंत उघडी पडलेली. सकाळी गेलो असतो तर देऊळ तेच असतं पण चालायला एवढा किनारा नसता.

दुसऱ्या दिवशी उत्तरेची फांदी, सामान डिकीत घालूनच. सकाळ व्याडेश्वर आणि समुद्रावर, जेवून मग गोपाळगड. गडाच्या जमिनीकडच्या बाजूला खोदलेला खंदक आहे, आणि तटावरून वाशिष्ठीचं मुख दिसतं, पलीकडे दाभोळ. त्या तटावर दोन मिनिटं उभं राहिलं की नकाशावरच्या जाड रेघेचा अर्थ कळतो. तिथून धोपावेची जेटी जवळ.

रविवार, त्यामुळे रांग. आमच्या पुढे दोन फेऱ्या भरतील एवढ्या गाड्या. पुढच्या गाडीतले काका खाली उतरून येरझाऱ्या घालत होते, मागच्या सीटवर दोन पोरं, एक रडून झोपलेलं, एक रडायच्या बेतात. बोलणं निघालं. मुरूडला राहतायत, दापोलीच्या मुरूडला, आणि सकाळी फेरीने इकडे येऊन हेदवी-वेळणेश्वर करून परत चाललेत. मी विचारलं घळ बघितली का, तर म्हणाले, "अहो काय बघायचंय, अकरा वाजता गेलो, खाली पाणी नुसतं डुचमळत होतं. त्या लोकांनी फोटो कुठून काढले देव जाणे." तृतीयेला भरती सव्वादोनला. अकराला पाणी अर्ध्यावर. दोनपर्यंत थांबले असते तर दिसलं असतं, पण फेरीच्या रांगेच्या धास्तीने ते लवकर निघाले होते, आणि तरी रांगेतच होते. वर हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळचा, तो त्यांच्या मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर, आणि तोच हुकला. "रस्त्याने गेलो तर?" त्यांनी विचारलं. मी फोनवर दाखवलं, चिपळूण, खेड, दापोली, मुरूड, सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. त्यांनी बघितलं, काही न बोलता गाडीत जाऊन बसले, आणि आतून बायकोचा आवाज आला, "मी तुम्हाला सांगितलं होतं."

मला खरंच वाईट वाटलं, कारण पोरांची काय चूक. खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागली, ती मात्र सुंदर.

दापोलीच्या पट्ट्यात फार डोकं लावावं लागत नाही, रस्ता किनाऱ्याने जातो त्या क्रमाने जायचं. फक्त हर्णै शेवटी ठेवायचं. आम्ही सकाळी आसूदला केशवराज केला (उतरण आणि चढ दोन्ही आहे, आईसाठी वाटेत तीनदा थांबलो), मग पूल ओलांडून आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, आणि उतरत्या उन्हात हर्णै. लिलावाला वास आहे, चिखल आहे, पायातल्या चपला फेकायच्या लायकीच्या होतात, वहिनी नाकाला रुमाल लावून सुरमईची घासाघीस करत होती.

पन्हाळेकाजीबद्दल मात्र सांगतो. पिन दापोलीच्या जवळ दिसते म्हणून लोक ती समुद्राच्या दिवसात कोंबतात आणि मग दुपारभर आत जाऊन परत किनाऱ्याला येतात. ती लेणी किनाऱ्याकडे पाठ करून आत आहेत, खेडकडे निघालं की वाकवलीवरून वळायचं. म्हणजे तो घरी जायच्या दिवसाचा थांबा. आम्ही तसंच केलं. नदीकाठी २९ लेणी आहेत आणि आम्ही होतो तोवर आमच्याशिवाय तिथे एक कुत्रं होतं. अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात शांत जागा, आणि दादाच्या यादीत ती शेवटून दुसरी होती.

पुढच्या वर्षी रत्नागिरीचा पट्टा, त्यात वहिनीचं गणपतीपुळे येतं, जयगड, पावस आणि पूर्णगडही येतात. दादाने आत्ताच त्यात विजयदुर्गची पिन टाकून ठेवलीय. ती वाघोटनच्या खाडीच्या पलीकडे आहे, पण हे त्याला कोण सांगणार ते अजून घरात ठरायचंय.