तूप बंद, मग पेग?

"ताई, ट्रायग्लिसराइड १४०० आलंय. तूप बंदच केलंय मी. शनिवारचे दोन पेग तरी चालतील ना?"

नाही, एकही नाही, आणि बिअर-वाइनसुद्धा नाही. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, ती १००० च्या वर गेल्यावर ती साफ करणारं एन्झाइमच अपुरं पडतं, जेवणातली चरबी आणि लिव्हरने बनवलेली चरबी दोन्ही त्याच्याकडेच येतात, आणि दारू लिव्हरला आणखी चरबी बनवायला लावते. वर चकणा असतो तो वेगळाच. अशात स्वादुपिंडाला सूज आली तर थेट अ‍ॅडमिट, कधी कधी आयसीयू.

आता तुपाचं. एका पेशंटने असंच तूप सोडलं होतं, तरी आकडा हलेना. मी म्हटलं दिवसभरात काय काय पोटात जातं ते सांगा, तर म्हशीचं फुल क्रीम दूध अर्धा लिटर, म्हणजे ३० ग्रॅम फॅट तिथेच झालं. भाजीत, कोशिंबिरीत मिळून दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट, त्याचे ८-१० ग्रॅम. फोडणीचं तेल चार छोटे चमचे, १८ ग्रॅम. झाले ५५ च्या वर, आणि अशा आकड्याला आम्ही दिवसाला साधारण २०-२५ ग्रॅमच देतो, सगळं धरून! दूध स्किम्ड केलं, कूट बंद, तेल दिवसाला दोन छोटे चमचे मोजून, बाकीचं डाळ-धान्यातून जाणारच असतं. ऑलिव्ह ऑइल, खोबरेल, बदाम 'चांगले' असले तरी या मोजणीत तेही फॅटच. आणि भूक लागली म्हणून ज्यूस, मध, साखर, भाताचा डोंगर नको, लिव्हर त्याचीही चरबीच करतं. नीट पाळलं तर काही दिवसांतच आकडा उतरायला लागतो. शुगर आणि थायरॉइड मात्र तपासून घ्या, ते बिघडलेले असतील तर नुसत्या डाएटने भागत नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करायची नाही.

अजून एक, फाइल. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आकडा, तारीख, किती तास उपाशी होतात, शेवटची दारू कधी घेतली (खरं लिहा हो, घरच्यांपासून लपवायचं असेल तर डॉक्टरांना वेगळं सांगा), आधी कधी पॅन्क्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाला सूज झालीय का, हे लिहून ठेवा. लॅबने रिपोर्टवर सॅम्पल 'लिपेमिक' म्हणजे दुधाळ आहे असं लिहिलं असेल तर तो कागदही लावा. कारण पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखून पाठीत कळ जायला लागली, उलट्या सुरू झाल्या आणि तुम्ही कॅज्युअल्टीत पोचलात, तर अशा रक्तात अमायलेज ही स्वादुपिंडाच्या सुजेची तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते आणि डॉक्टरांना अ‍ॅसिडिटी वाटू शकते. फाइल दिसली की ते लायपेज ही त्याच सुजेची दुसरी तपासणी करतील, गरज पडली तर सीटी, आणि ट्रायग्लिसराइडसाठी रक्त तिथल्या तिथे घेतील, कारण उपाशी ठेवून सलाइन लावलं की दोन दिवसांत आकडा बराच खाली येतो आणि मग डिस्चार्ज कार्डावर कारणाच्या जागी नुसतं 'दारू' लिहून येतं.