समोरच्या बिल्डिंगला लागतो, पुण्याला नाही

इंदिरानगरमधून फोन आला. दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने तक्रार इतकी नेमकी सांगितली की अर्धं काम तिथेच झालं. "दादा, माइनक्राफ्टचा सर्व्हर घरात लागतो, समोरच्या बिल्डिंगमधल्या मित्रालाही लागतो, पण पुण्याच्या एकालाही लागत नाही. शनिवारपर्यंत सगळे खेळत होते." आमच्या धंद्यात लोक "नेट चालत नाही" एवढं सांगून फोन ठेवतात, त्यामुळे मला त्याचं कौतुकच वाटलं. पण ऐकताना डोकंही खाजवलं. बाहेरच्यांना लागत नाही, हे नेहमीचं दुखणं. बाहेरच्यांपैकी एकालाच लागतो, हे काय?

सोमवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. मांडणी साधी होती. कोपऱ्यात जुना पीसी, त्यावर सर्व्हर, पोर्ट २५५६५. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगने ते पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दार, पीसीकडे वळवलेलं. घराचं कनेक्शन स्थानिक फायबरवाल्याचं, त्यामुळे पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर बाहेरून दिसणारा पत्ता, कायमचा नाही. लाइट गेली, राउटर पुन्हा लॉगिन झाला की पत्ता बदलतो. म्हणून त्याने डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे डीडीएनएसचं, एक फुकट नाव घेऊन राउटरच्याच सेटिंगमध्ये टाकलं होतं. पत्ता बदलला की राउटर त्या सेवेला नवा पत्ता कळवतो आणि मित्र आकडे पाठ न करता नावानेच जोडले जातात. गेलं वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं.

अशा वेळी मी आधी मित्राच्या स्क्रीनवर नेमकं काय येतं ते विचारतो. `Unknown host` आलं तर नावच सापडत नाही. काही फुकट सेवांमध्ये, उदाहरणार्थ नो-आयपीमध्ये, दर ३० दिवसांनी नाव चालू ठेवायचंय असं सांगावं लागतं, आणि ते विसरलं की हाच संदेश येतो. `Connection refused` आलं तर पत्त्यावर कोणीतरी आहे, पण त्या दारात सर्व्हर ऐकत नाही. पुण्याच्या पोरांना येत होतं `Connection timed out`, म्हणजे हाक मारली आणि उत्तरच नाही.

मुलाचा अंदाज होता की पुण्याकडे जुना पत्ता साठून राहिला असेल. अंदाज वेडा नव्हता. नावाच्या नोंदीसोबत एक मुदत असते, तेवढा वेळ इतर जण जुनं उत्तर धरून बसतात, आणि गेम उघडाच ठेवला तर तोही कधी कधी जुनंच उत्तर वापरतो. पण डायनॅमिक डीएनएसवाले ही मुदत मुद्दाम कमी ठेवतात, या नावाची तर एकाच मिनिटाची होती. शनिवारचं उत्तर सोमवारी संध्याकाळपर्यंत टिकणं शक्य नव्हतं.

राउटरच्या पानावर डीडीएनएससमोर हिरवी खूण होती, शेजारी "अपडेट यशस्वी". या हिरव्या खुणेवर माझा राग आहे. तिचा अर्थ एवढाच, की राउटरने पत्ता पाठवला आणि सेवेने तो लिहून घेतला. त्या पत्त्यावर बाहेरून कोणी पोचतं का, हे दोघांपैकी कोणीही बघत नाही. म्हणून मी वायफाय बंद करून लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला आणि नावच विचारलं. (नाव आणि आकडे इथे बदलले आहेत.)

```
nslookup gadi.example.net

Name:    gadi.example.net
Address: 100.72.18.41
```

पहिल्या दोन आकड्यांवरच गाडी थांबली. `100.64` पासून `100.127` पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे पत्ते पुरत नाहीत, म्हणून कंपनी अनेक घरांना या पट्ट्यातले पत्ते देते आणि सगळ्यांना मिळून एकच पब्लिक पत्ता वापरते. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरच्या जगात `100.72` नावाचं घर नसतं. शनिवारी रात्री लाइट गेली, राउटर पुन्हा लॉगिन झाला, आणि या वेळी कंपनीने नुसता पत्ता बदलला नाही, पत्त्याची जातच बदलली. राउटरने तो इमानदारीने डीडीएनएसला कळवला. काही सेवा असा पत्ता नाकारतात, हिने घेतला.

आता समोरच्या बिल्डिंगचं कोडं. त्याचंही कनेक्शन त्याच कंपनीचं. तो कंपनीच्या त्याच कुंपणाच्या आत होता, त्यामुळे `100.72` त्याच्यासाठी खरा, पोचण्याजोगा पत्ता होता. कंपनीने ग्राहकांना एकमेकांपासून तोडलेलं नव्हतं, म्हणून तो थेट राउटरच्या दारापर्यंत येत होता आणि पोर्ट फॉरवर्डिंग त्याला आत घेत होतं. घरातल्यांना लागत होता, कारण हा राउटर स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर आलेली हाक आतल्या आत वळवतो. सगळे राउटर तसं करत नाहीत. (ग्राहक एकमेकांना असे उघडे दिसतात, हे मला काही बरं वाटलं नाही, पण तो वेगळा विषय.)

खात्री करायला दोन आकडे शेजारी ठेवले. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, `100.72.18.41`, आणि घरच्या वायफायवरून "माझा आयपी काय" सांगणाऱ्या साइटवर `203.0.113.57`. दोन्ही सारखे असतील तरच पोर्ट फॉरवर्डिंगला अर्थ आहे. आणि घोळ इथेच वाढतो. डीडीएनएसचं काम राउटरऐवजी पीसीवरच्या स्क्रिप्टकडे असतं, तर ती स्क्रिप्ट बाहेर विचारून `203` वाला पत्ता लिहून आली असती. नाव अगदी शहाण्यासारखं दिसलं असतं, आणि समोरच्या बिल्डिंगलाही बहुधा सर्व्हर लागला नसता. त्या पत्त्यावर आलेली हाक कंपनीच्या पेटीपाशी पोचते, आणि ती कोणत्या घरी द्यायची हे त्या पेटीला कोणीच सांगितलेलं नसतं. तिथलं पोर्ट आपल्याला वळवता येत नाही. मग आम्ही रात्रभर विंडोजच्या फायरवॉलला शिव्या घालत बसलो असतो.

कंपनीला फोन लावला. समोरच्या माणसाने आधी राउटर रीस्टार्ट करायला सांगितलं, मग "स्पीड तर येतोय ना?" आमचं वॅन `100.72` आहे, सीजीनॅटमधून काढा, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, तेव्हा त्याने तांत्रिक विभागाला जोडून दिलं. तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत युजरनेम बघितलं आणि म्हणाल्या, "पत्त्यांच्या नवीन पूलमध्ये गेलंय. जुन्यात टाकते, पीपीपीओई लॉगिन एकदा तोडून जोडा." पहिल्याच माणसाकडे "वॅन आयपी काय दिसतो?" एवढा एक प्रश्न लिहून ठेवला असता तर?

तोडून जोडलं. वॅन आणि साइटवरचा आकडा जुळला. दीडेक मिनिटात हॉटस्पॉटवरून नावही नवा पत्ता सांगू लागलं. एकाला सोडून पुण्याचे सगळे आत आले. त्याने गेम बंद करून उघडला आणि तोही आला. मग मुद्दाम राउटर परत बंद-चालू केला. पत्ता बदलला, नाव त्याच्यामागे गेलं, कुंपणाबाहेरच राहिलं.

पण उद्या लाइट गेल्यावर परत नव्या पूलमध्ये पडणार नाही, याची हमी बाईंनी दिली नाही आणि मीही देऊ शकत नाही. म्हणून पीसीवर एक छोटी तपासणी लावून दिली. ती दर दहा मिनिटांनी राउटरचा वॅन पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता ताडून बघते आणि वेगळे निघाले तर मुलाच्या फोनवर निरोप टाकते. तसं झालं तर डीडीएनएसशी न झगडता सरळ कंपनीला फोन लावायचा.

वडील तोवर शांत बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "स्टॅटिक आयपी घेतला तर हे नावबिव लागणारच नाही ना?" पत्ता बदलणारच नाही, त्यामुळे अपडेटची भानगड संपेल, मी म्हटलं, पण त्याचे दरवर्षी वेगळे पैसे. आकडा ऐकून त्यांनी मुलाकडे बघितलं. "पॅक संपेल तेव्हा बघू," म्हणाले.