बारा टक्के साडेबारापेक्षा महाग कसे पडतात

माझी भाची बँकेत लागली आहे आणि जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी सध्या मालवणात आमच्याकडे राहते. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे संध्याकाळी सराव प्रश्नसंच घेऊन आम्ही दोघं पडवीत बसतो. परवा एका प्रश्नावर आमचा सगळा वेळ गेला, पण तो सार्थकी लागला.

प्रश्न असा होता. एका व्यापाऱ्याला वर्षभरासाठी ४ लाख रुपये हवेत. मध्ये काही भरायचं नाही, वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज एकदम फेडायचं. पहिला सावकार १२ टक्क्यांनी, दरमहा चक्रवाढीने देतो. दुसरा सव्वाबारा टक्क्यांनी, सहामाही चक्रवाढीने. तिसरा साडेबारा टक्क्यांनी, वर्षातून एकदाच व्याज लावून. सर्वांत स्वस्त कोण?

तिने पहिला पर्याय निवडला, कारण १२ हा आकडा सर्वांत लहान. उत्तरपत्रिकेत तिसरा होता. "मामा, चुकला खय ता सांगा," म्हणाली.

मी सूत्र सांगितलं नाही. कर्जखात्याचा उतारा काढतात तसा कागदावर महिन्यामागून महिना लिहायला लावला. १२ टक्के वार्षिक म्हणजे महिन्याला १ टक्का, म्हणून पहिल्या महिन्याचं व्याज ४,००० रुपये. ते भरलं जात नाही, मुद्दलात मिसळतं. दुसऱ्या महिन्यात ४,०४,००० वर व्याज लागतं, ४,०४० रुपये. तिसऱ्यात ४,०८० रुपये ४० पैसे. बाराव्या महिन्याचं व्याज जवळपास ४,४६३ पर्यंत चढतं आणि वर्षाअखेर देणं होतं ४,५०,७३० रुपये. म्हणजे खरा भार १२.६८ टक्के.

दुसऱ्याकडे पहिल्या सहामाहीचे २४,५०० मुद्दलात गेले, पुढच्या सहामाहीचं व्याज २६,००१ झालं, एकूण देणं ४,५०,५०१. दर पडला १२.६३. तिसऱ्याकडे सरळ ४,५०,०००. क्रम पूर्ण उलटा झाला! ज्याचा सांगितलेला दर सर्वांत कमी, तोच सर्वांत महाग. सांगितलेला दर हा नाममात्र दर. व्याज वर्षातून किती वेळा मुद्दलात मिसळणार हे कळल्याशिवाय तो दुसऱ्या दराशी ताडून बघता येत नाही. तुलना करायची ती वर्षाअखेर खरा पडणाऱ्या, म्हणजे प्रभावी वार्षिक दराची.

दरमहाची अट प्रश्नात उगाच घातलेली नाही. आपल्याकडे बँका १ एप्रिल २००२ पासून कर्जावर दरमहा व्याज आकारतात. शेतीकर्ज त्यातून वगळलेलं आहे, कारण शेतकऱ्याकडे पैसा हंगामाला येतो.

मग साध्या कॅल्क्युलेटरवर हे लवकर कसं करायचं ते दाखवलं. १.०१ चा घन काढला की तीन महिने होतात, १.०३०३०१. त्याचा वर्ग केला की सहा महिने, १.०६१५२०. त्याचा पुन्हा वर्ग केला की वर्ष, १.१२६८२५. इथे एक खड्डा आहे. सहा महिन्यांचा आकडा कागदावर नुसता १.०६ असा उतरवला, तर त्याच्या वर्गातून १२.३६ टक्के येतात. आणि १२ टक्के सहामाही चक्रवाढीचं उत्तरही नेमकं १२.३६ च असतं. प्रभावी दर विचारलेल्या प्रश्नात १२, १२.३६, १२.५५ आणि १२.६८ असे चार पर्याय बऱ्याचदा शेजारी असतात. एकाच १२ टक्क्यांचे वार्षिक, सहामाही, तिमाही आणि मासिक अवतार. आपलं उत्तर पर्यायांत सापडलं एवढ्यावर ते बरोबर धरू नये. मधल्या पायरीवर निदान चार दशांश स्थळं ठेवावीत.

पुढच्या प्रश्नात ती दुसऱ्या टोकाला गेली. तेच ४ लाख, तेच १२ टक्के दरमहा, पण बारा समान मासिक हप्त्यांत फेड. तिने १२.६८ ला बाराने भागलं आणि हप्ता सुमारे ३५,६६७ रुपये काढला. तोही पर्याय तिथे होता. बरोबर हप्ता सुमारे ३५,५४० आहे, कारण इथे महिन्याचा दर १ टक्काच. प्रभावी दरात चक्रवाढ आधीच मुरलेली असते. त्याला बाराने भागून हप्ता काढला की ती दुसऱ्यांदा मोजली जाते. नाममात्र दर बाराने भागायचा. प्रभावी दरच दिला असेल, तर एकात तो मिळवून बारावं मूळ काढायचं. १.१२६८२५ चं बारावं मूळ १.०१ येतं, आणि प्रभावी दर १२ असेल तर महिन्याला ०.९४९ टक्के.

आता ती प्रश्न वाचताना दराआधी 'चक्रवाढ' हा शब्द शोधते आणि त्याच्या बाजूला पेन्सिलने १२, ४, २ किंवा १ लिहून ठेवते.