टाळ मिटला की थांबायचं: दिंडीतल्या नामघोषाची लय

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखी सोहळ्यातला सर्वात लांब टप्पा. सकाळी पुण्यातून निघालेली दिंडी दिवेघाटाच्या पायथ्याशी येते तेव्हा पाय भरून आलेले असतात, आणि घाट चढायचा तो ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’च्या गजरात. तेच तीन शब्द तास-तासभर चालतात. अभंगाला कडवी असतात, प्रत्येक कडव्याला थोडी उसंत मिळते. नामघोषाला तशी उसंत नाही. त्यामुळे दिंडीची लय खरी कळते ती नामघोषातच.

आमची दिंडी मध्यम आकाराची. पुढे पताका, मग चार-चारच्या पंधरा ओळींत साठ टाळकरी, त्यांच्या मधोमध मृदंग, टाळकऱ्यांच्या मागे वीणेकरी आणि त्यांच्या मागे तुळस घेतलेल्या आयाबाया. त्या टाळ्यांनी साथ करतात. मृदंगापासून शेवटच्या बाईपर्यंत साधारण पन्नास मीटर होतात. आवाजाला एवढं अंतर कापायला जवळजवळ दीड दशांश सेकंद लागतो. संथ चालीत, मिनिटाला शंभर मात्रा असताना, हा उशीर पाव मात्रेचा असतो आणि कानाला खटकत नाही. चाल चढून मिनिटाला एकशे साठ मात्रा झाल्या की तोच उशीर मात्रेच्या दोन पंचमांशांपर्यंत जातो. मग मागची टाळी दोन ठोक्यांच्या मधे पडते. बाई ठेका चुकवत नसते. तिला मृदंग जेव्हा ऐकू येतो तेव्हाच ती टाळी देते.

म्हणून मागे लय कानाने धरायची नाही, डोळ्याने धरायची. प्रत्येक ओळ पुढच्या ओळीचे हात बघते. वीणेकऱ्यांच्या लगेच मागे चालणारी एक जाणती बाई टाळी डोक्याच्या वर देते, छातीशी नाही, म्हणजे शेवटपर्यंतच्या सगळ्यांना तिचे तळवे मिळताना दिसतात. यात मृदंगवादकाचं काम सर्वात अवघड. मागच्या टाळ्या त्याला उशिराच ऐकू येणार, सगळे अगदी बरोबर वाजवत असले तरीही. त्या ऐकून तो त्यांच्यासाठी थांबू लागला की पूर्ण दिंडी मंदावते. त्याने मागे कान द्यायचाच नाही. दिवेघाटाच्या वळणावर पुढची ओळ दिसेनाशी होते, तेव्हा वळणाच्या अगदी कोपऱ्यात चालणारा टाळकरी दोन्ही बाजूंना दिसेल असा हात उंच ठेवतो. एवढ्याने काम भागतं.

नामघोष आठ मात्रांत बसतो. ‘ज्ञानोबा’ला सम, ‘तुकाराम’ला पाचवी मात्रा. आमच्याकडे टाळ आठही मात्रांवर वाजतो, पण मोकळा फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. बाकीच्या सहा मात्रांवर तो हलका आणि दाबून. टाळी फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेला. मागून सगळ्या मात्रांना टाळ्या पडू लागल्या की गलका होतो, आणि त्या गलक्यात सम हरवते.

टाळ मोकळा वाजवणं याला हाताची सवय लागते. डावा टाळ स्थिर ठेवायचा, वाटी वर. उजवा किंचित तिरपा आणायचा, म्हणजे एका बाजूची कड आधी भेटते. दोन्ही टाळ सपाट आपटले तर मधे हवा कोंडते आणि नादाऐवजी ‘थप्प’ असा बसका आवाज येतो. थकल्यावर नेमकं हेच होतं. कोपर खाली येतात, टाळ छातीवरून कमरेशी उतरतात, आणि आपटणं सपाट होत जातं. ठोकाही थोडा मागे राहतो, कारण हाताला आता वर उचलायचं जास्त अंतर असतं. कोणाचा टाळ बसका वाजू लागला की त्याने दोन-चार आवर्तनं टाळ गळ्यात सोडून नुसत्या टाळ्या द्याव्यात. कमीपणा मानू नये. आणखी एक, दोरी. टाळाच्या भोकाच्या कडेला ती झिजते, आणि तुटते ती जोरात वाजवताना. पावसात भिजली की बोटाला नीट बसत नाही. कंबरेला एक जास्तीची दोरी असू द्यावी.

मागचे लोक लय ओढतात, तर पुढचे ती पळवतात. पावली धरली, उडी आली, की तरुण टाळकरी दाबलेल्या सहा मात्राही मोकळ्या वाजवू लागतात. मग हात भरभर जातात आणि पाच-सात मिनिटांत चाल सगळी चढून बसते. ठरवून दुडकीवर जाणं वेगळं. तिथे वीणेकऱ्यांची खूण असते आणि लय एकदम दुप्पट होते. नकळत चढलेली लय ओळखायची खूण तोंडात आहे. ‘तुकाराम’मधला शेवटचा ‘राम’ गिळला जातो, श्वास घ्यायला जागाच उरत नाही, आणि पुढचा ‘ज्ञानोबा’ त्याच्यावर चढतो. आमच्यात अशा वेळी कोणी तरी म्हणतं, “माउली, राम गिळला!” लगेच मृदंग सगळी भर सोडून साध्या ठेक्यावर येतो, आणि पहिल्या दोन ओळी टाळ फक्त समेला वाजवतात. चार-पाच आवर्तनांत सगळे खाली येतात. “हळू, हळू” ओरडून कधीच जमत नाही. ओरडणाऱ्याचा शब्दही चढलेल्या लयीतच पडतो.

आता शेवट. सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. वारीत हात वर करणं ही खूण होऊच शकत नाही, कारण हात सगळ्यांचेच वर असतात. टाळ डोक्यावर नेऊन वाजवणं हाही आनंदच. म्हणून आम्ही उलटी खूण ठेवली: दोन्ही टाळ एकमेकांवर मिटून, डोक्याच्या वर, अगदी निश्चल. एवढ्या हलणाऱ्या हातांत न हलणारा हात लगेच नजरेत भरतो. वीणेकरी मागे असतात, त्यांची खूण पुढच्यांना दिसणार नाही. त्यामुळे ते आधी मृदंगवादकाला सांगतात, आणि त्याच्या शेजारचे दोन टाळकरी टाळ मिटून वर धरतात. पुढे-मागे एक-एक माणूस ती उचलतो.

खूण द्यायची ती ‘ज्ञानोबा’च्या समेवरच. ‘तुकाराम’वर दिली की निम्मे त्याच आवर्तनाला थांबतात, निम्मे पुढच्या, आणि शेवट फाटतो. खूण दिसल्यावर तीन आवर्तनं. पहिल्यात ती सगळीकडे पोहोचते. दुसऱ्यात आठही मात्रा मोकळ्या. तिसऱ्यात मृदंग तिहाई घेतो, लय किंचित सैल होते, ‘राम’ लांबतो, आणि समेला एकच ठोका देऊन टाळ लगेच मिटायचा. नुसता ठोका देऊन सोडला तर नाद घुमत राहतो आणि मागच्यांना वाटतं अजून चालू आहे. टाळ मिटल्याच्या शांततेत वीणेकरी ‘पुंडलिक वरदे’ उचलतात.

हीच शिस्त मुक्कामावर समाजआरतीला मोठ्या आकारात दिसते. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या असतात, चोपदार चोप उंचावतात, आणि एवढा मोठा समाज क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात. त्या शांततेत एक टाळ वाजणं म्हणजे तक्रार. म्हणून चोप वर जायच्या आधीच आमचे टाळकरी दोरी बोटाला दोनदा गुंडाळतात आणि एक टाळ दुसऱ्यात बसवून मुठीत घट्ट धरतात.