उदारमतवाद, पुराणमतवाद, समाजवाद: 'हवा की नको'च्या रकान्यात अडकलेलं माझं ट्यूटोरियल

एफ.वाय.बी.ए.ला राज्यशास्त्राच्या ट्यूटोरियलसाठी आम्हाला एक छापील तक्ता भरायला दिला होता. त्या तक्त्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. यंदा तुमच्यापैकी ज्यांच्या हातात असाच तक्ता पडेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

विचारवंतांची नावं भरायला वेळ लागला नाही. उदारमतवादाखाली लॉक आणि मिल, पुराणमतवादाखाली एडमंड बर्क, समाजवादाखाली ओवेन आणि मार्क्स. पुढची ओळ होती 'आर्थिक व्यवहारात राज्याचा हस्तक्षेप', आणि जागा जेमतेम 'हवा' किंवा 'नको' लिहिण्यापुरती. गाइडमध्ये उत्तर तयारच होतं: नको, नको, हवा. वर्गात बहुतेकांनी तेच उतरवलं. माझा हात चालेना, कारण ग्रंथालयात मी नुकतंच इंग्लंडमधल्या कारखाना कायद्यांबद्दल वाचलं होतं, आणि ते या रकान्यात काही केल्या बसत नव्हतं.

१८४७ साली ब्रिटिश संसदेने दहा तासांचा कायदा केला. कापड गिरण्यांमधल्या स्त्रिया आणि १३ ते १८ वयाची मुलं यांच्याकडून दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, असा तो कायदा. या मागणीसाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्यांत रिचर्ड ओस्टलर आणि लॉर्ड अ‍ॅशली हे दोघे पुढे होते, आणि दोघेही पक्के हुजूर, म्हणजे पुराणमतवादी पक्षाच्या विचाराचे. यॉर्कशरच्या गिरण्यांत राबणाऱ्या मुलांची स्थिती गुलामांसारखी आहे, असं ओस्टलरने १८३० मध्येच वर्तमानपत्रातून लिहिलं होतं. विरोधात उभा होता जॉन ब्राइट. रॉचडेलचा गिरणीमालक, खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता, उदारमतवाद्यांमधलं मोठं नाव. म्हणजे सरकारकडे कायदा मागत होते ते पुराणमतवादीच. गाइडमधलं दुसरं 'नको' तिथेच कोसळतं.

मी तो रकाना सोडून दिला आणि तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकच प्रश्न लिहिला: या कायद्याकडे प्रत्येकाने कोणत्या कारणाने पाहिलं? मग सगळं सुटत गेलं.

ब्राइटसारख्या उदारमतवाद्याच्या दृष्टीने मालक आणि मजूर ही दोन स्वतंत्र माणसं आहेत. किती तास, किती मजुरी, हा त्यांच्यातला करार. सरकार मध्ये पडलं तर मजुराचं आपले श्रम विकण्याचं स्वातंत्र्यही जातं. अ‍ॅशलीच्या दृष्टीने समाज करारावर उभा नसतो. वरच्याने खालच्याला सांभाळायचं, खालच्याने त्याचा मान राखायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची बांधिलकी असते. गिरणीने कुटुंब मोडलं, आईला घरापासून तोडलं, म्हणून कायदा हवा. उतरंड मात्र तशीच राहायला हवी. ओवेनने स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या आपल्या गिरणीत कामाचे तास आधीच कमी केले होते. माणूस परिस्थितीने घडतो, म्हणून परिस्थितीच बदला, हे त्याचं म्हणणं. पुढे मार्क्सने १८६४ मध्ये दहा तासांचा कायदा हा कामगारवर्गाच्या तत्त्वाचा विजय असल्याचं म्हटलं. पण समाजवाद्याला तासांवर थांबायचं नसतं. गिरणी कोणाच्या मालकीची, हा त्याचा खरा प्रश्न.

अ‍ॅशली आणि मार्क्स, दोघांनाही कायदा हवा. पण एकाला जुनी घडी वाचवायची आहे, दुसऱ्याला ती मोडायची आहे. हा फरक 'हवा' या एका शब्दात कसा मावणार?

एक गोष्ट वरच सांगायला हवी होती. पक्ष आणि विचारप्रणाली एक समजू नका. हुजूर पक्षाचाच पंतप्रधान रॉबर्ट पील १८४४ मध्ये दहा तासांच्या मागणीच्या विरोधात होता. उलट, आपल्याला शिक्षणाच्या टिपणामुळे माहीत असलेला मेकॉले व्हिग, म्हणजे हुजुरांच्या विरोधी पक्षातला, तरी १८४६ मध्ये त्याने या मागणीच्या बाजूने भाषण केलं. शिवाय त्याच वर्षी, गिरणीमालकांनी लावून धरल्यामुळे, परदेशी धान्यावर जकात लावणारे धान्य कायदे रद्द झाले, म्हणून जमीनदार त्यांच्यावर चिडले होते. काही मतं त्या रागातूनही पडली.

मॅडमनी रिकामा रकाना पाहून आधी गुण कापले. मी मागची बाजू वाचायला लावली, तेव्हा कापलेले गुण परत मिळाले आणि तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न आला: "मग उदारमतवादी कायमच ब्राइटसारखे राहिले का?" यासाठी टी. एच. ग्रीन वाचून जा. १८८१ च्या व्याख्यानात तो म्हणतो की, स्वातंत्र्य म्हणजे नुसता अडथळ्यांचा अभाव नाही, काही मोलाचं करण्याची खरीखुरी क्षमता. उपाशी मजुराच्या करारात ती नसते, म्हणून उदारमतवादीही कारखाना कायद्याच्या बाजूने उभा राहू शकतो. १९०८ मध्ये ब्रिटनमध्ये वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा कायदा उदारमतवादी पक्षाच्या सरकारनेच केला. म्हणजे गाइडमधलं पहिलं 'नको'सुद्धा अर्धंच खरं. तुमच्या तक्त्यात जागा नसेल तर पुरवणी जोडा आणि रकान्यात 'पुरवणी पाहा' एवढंच लिहा.